लिंबूटिंबूची लगोरी

"मी ऐरोलीतल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. पी.टी.चे सर निवृत्त झाले आणि सातवीचे पी.टी.चे तास माझ्या गळ्यात पडले. वर्गात ४८ मुलं, ३५ मिनिटांचा तास, वेळ सकाळी ११.४० ची. दहावीचा सराव चालू असतो म्हणून मैदान अर्धंच मिळतं, साधारण ३० बाय २५ मीटर. तीन मुलं क्लबात खो-खो खेळतात. पाच-सहा जण दोन मिनिटं धावले की खाली बसतात. एकाला दमा आहे, एका मुलीच्या पायाला कॅलिपर आहे. गेल्या महिन्यात रिलेमध्ये एक जाडसर मुलगा शेवटी भिंतीवर आदळला, हनुवटीला दोन टाके पडले. पालक येऊन भांडून गेले. आता मुख्याध्यापक म्हणतात, धडधाकट मुलांनाच खेळवा, बाकीच्यांना गुण लिहायला बसवा. खो-खोवाली मुलंही 'ती आमच्यात नको' म्हणतात. दोन वेगळे गट करू का? की सांघिक खेळ सोडूनच देऊ?"
— एक शिक्षिका, ऐरोली

नमस्कार बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा भिंतीपाशी अडखळले. रिलेची शेवटची रेघ भिंतीला लागून होती ना? किंवा भिंतीलाच हात लावून परतायचं होतं? जडत्व तुम्हीच शिकवता, तेव्हा तुम्हाला वेगळं काय सांगू. जोरात धावणाऱ्या मुलाला थांबायला चार-पाच पावलं लागतात, आणि ती पावलं टाकायला जागाच नसेल तर भिंत त्याला थांबवते. दमलेले पाय उशिरा थांबतात, हे खरं. पण ताज्या पायांचा वेग जास्त असतो, हेही तितकंच खरं. ठाण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा 'भिंतीला हात लावून या' असंच सांगत असे. माझ्या वर्गातल्या सगळ्यात चपळ मुलीचं मनगट तिथे मोडलं. तिला कुणी 'झेपत नाही तर धावते कशाला' असं म्हटलं नाही. तुमच्या मुलाला मात्र सगळ्यांनी मनातल्या मनात तेच म्हटलं असणार, आणि मुख्याध्यापकांचा तोडगा त्यातूनच आलाय. त्या पालकांना भेटाल तेव्हा 'रेघ भिंतीजवळ होती, ती माझी चूक, आता ती हलवली आहे' एवढं सरळ सांगा. भांडण बहुतेक तिथेच मिटेल.

आता रिलेचं गणित करू. ४८ मुलं, १२ जणांच्या चार रांगा. २० मीटर जाऊन २० मीटर परत यायला एका मुलाला सरासरी १२ सेकंद धरा. बारा जणांची फेरी १४४ सेकंदांची झाली. त्यात प्रत्येक मूल १२ सेकंद धावलं आणि १३२ सेकंद उभं राहिलं. म्हणजे खेळाचा तास म्हणून आपण मुलांना मुख्यतः रांगेत उभं राहायला शिकवतो. आणि ज्याला १२ ऐवजी १८ सेकंद लागतात त्याचे ते १८ सेकंद ४७ जण डोळे लावून बघत असतात. कोर्टात उभं केल्यासारखं. त्याला दम लागायच्या आधी लाज लागते, मग तो पोटात दुखतंय म्हणतो, मग घरून चिठ्ठी आणतो. तुमच्या पाच-सहा जणांतल्या किती जणांना खरंच दोन मिनिटांत धाप लागते आणि किती जण बघणाऱ्यांना टाळण्यासाठी बसतात, हे रिलेमधून कधीच कळणार नाही.

खो-खोवाल्या मुलांवर रागावू नका. मी स्वतः खो-खोत वाढले आणि त्या वयात मीही हेच म्हणत असे. ती मुलं दुष्ट नाहीत, त्यांचा हिशेब बरोबर आहे. रिलेमध्ये प्रत्येकाचे सेकंद एकमेकांत मिळवले जातात, त्यामुळे सावकाश मूल म्हणजे उघड उघड तोटा. नियमच तसा आहे. मुलांना कितीही समजावलं तरी हिशेब बदलत नाही. खेळ बदलला की बदलतो.

गुण लिहायला बसवण्याबद्दल. आपल्याकडे गल्लीत लहान भावंडांना खेळायला घ्यावं लागायचं, तेव्हा त्यांना 'लिंबूटिंबू' ठरवायचे. तो आऊट झाला तरी आऊट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याच्या धावा मोजत नाहीत. चार वर्षांच्या पोराला ते चालतं, त्याला कळतच नाही. बारा वर्षांच्या मुलीला लगेच कळतं. वही-पेन्सिल देऊन कट्ट्यावर बसवलेली मुलगी ही लिंबूटिंबूच, फक्त हातात वही आहे. शिवाय हा फक्त मनाचा प्रश्न नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ यातलं १६ वं कलम शाळांना सांगतं की दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाच्या आणि करमणुकीच्या संधी द्यायच्या. हे कलम मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या.

दोन गट करावेत का? काही कामांसाठी जरूर करा. धावण्याचा दम वाढवायचा असेल तेव्हा ज्याच्या त्याच्या वेगाने धावणंच योग्य, तिथे सगळ्यांना एका शिट्टीवर पळवणं हा अडाणीपणा आहे. पण सांघिक खेळाच्या तासाला 'तगडे' आणि 'बाकीचे' असे गट केलेत तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गटाला मुलं नाव ठेवतील, आणि ते नाव दहावीपर्यंत चिकटेल. म्हणून माझं मत असं की मुलं वेगळी करू नका, खेळ मोडून पुन्हा बांधा. चार गोष्टी हातात असतात: अंतर, काम, वस्तू आणि गडी. या चारांपैकी काहीतरी बदललं की खेळ बदलतो. एकच खेळ घेऊन दाखवते, लगोरीचा. कुणाकडे त्याला लिंगोरचा म्हणतात.

लगोरी मी मुद्दाम घेतली, कारण तिच्यात नेम आहे, पळणं आहे, चेंडू देणं-घेणं आहे आणि शांत हाताने रचणंही आहे. एकाच अंगाचा खेळ नाही. पण गल्लीतली लगोरी जशीच्या तशी घेतली तर घोटाळा ठरलेला. चेंडू लागला की आऊट, म्हणजे जो सावकाश तो पहिल्या मिनिटाला बाहेर आणि सगळ्यात जास्त वेळ बाहेर. ज्याला खेळण्याची गरज सगळ्यात जास्त त्यालाच सगळ्यात कमी खेळायला मिळतं.

आधी वस्तू. दगड नकोत. बोटं चेंगरतात, पाय मुरगळतात. श्रीखंडाचे पाव किलोचे रिकामे डबे गोळा करा, मुलांना सांगितलंत तर आठवड्यात २८ जमतील. चार मैदानं, प्रत्येकी सात. प्रत्येक डब्यात दोन चमचे वाळू घालून झाकण चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर खाडीवरच्या वाऱ्याने लगोरी आपोआपच फुटेल. चेंडू टेनिसचा नको. जुन्या मोज्यांत चिंध्या भरून घट्ट शिवलेला चेंडू करा. तो लागला तर दुखत नाही, आणि फार घरंगळत नाही, हा त्याचा मोठा गुण. टेनिसचा चेंडू शेजारच्या मैदानात जातो, त्याच्यामागे मूल धावतं आणि तिथे दोन डोकी आपटतात.

मग अंतर. तुमच्या ३० बाय २५ मध्ये ११ बाय ९ मीटरची चार मैदानं बसतात, दोनाच्या पुढे दोन. मधे सगळीकडे ४ मीटरची मोकळी पट्टी, आणि भिंतीकडच्या बाजूला निदान ३ मीटर मोकळे. फक्कीने रेघा मारून घ्या. एका मैदानात १२ मुलं, सहा विरुद्ध सहा. ४८ च्या ४८ जण एकाच वेळी खेळात. बाहेर कुणी नाही, रांग नाही, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक नाहीत.

मैदानाच्या मधोमध डब्यांची लगोरी, तिच्याभोवती एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ. लगोरीपासून २, ३ आणि ४ मीटरवर नेम मारायच्या तीन रेघा. कुणी कुठल्या रेघेवरून मारायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. लगोरी फुटली की ती फुटली, जवळून की लांबून याचा हिशेब नाही. तुमची खो-खोवाली मुलं आपणहून ४ मीटरवर जातील, सांगायला लागणार नाही. या वयात ऐटीला कुठल्या गुणांची गरज नसते.

आता नियम, हा खरा गाभा. चारच आहेत.

चेंडू हातात असताना धावायचं नाही, आणि चेंडू तीन वेगवेगळ्या भिडूंच्या हातून गेल्याशिवाय कुणाला मारायचा नाही. मुलं मोठ्याने एक, दोन, तीन मोजतात. चपळ मुलगा एकटा काही करू शकत नाही, त्याला झेलणारा भिडू शोधावा लागतो. आणि झेलायला पाय नाही, लक्ष लागतं.

चेंडू गुडघ्याच्या खालीच मारायचा. लागला तर आऊट नाही. लागलेला जागेवर थांबतो आणि हात वर करतो. त्याच्या भिडूने येऊन टाळी दिली की तो पुन्हा सुटतो. हे आपल्या विषामृतातून उचललंय, मुलांना एका वाक्यात समजतं.

वर्तुळात एका वेळी एकच जण, एकच डबा ठेवायचा आणि बाहेर यायचं. वर्तुळात असलेल्याला चेंडू मारायचा नाही. लगोरीवर तीन डोकी एकदम वाकली की कपाळमोक्ष ठरलेला, म्हणून हा नियम सुरक्षिततेचाही आहे.

ज्याने आत्ता डबा ठेवला त्याने लगेच पुढचा ठेवायचा नाही. सात डबे, सहा गडी. एकट्याच्या जिवावर लगोरी उभी राहूच शकत नाही.

डाव दोन मिनिटांचा. शिट्टी झाली की उभे असलेले डबे मोजायचे, शून्य ते सात. मग बाजू बदलायची. बदलायला एक मिनिट धरा. सहा डाव म्हणजे १८ मिनिटं. खाली उतरायला पाच, वॉर्म-अपला पाच, शेवटी शांत व्हायला तीन, वर चढायला चार. झाली ३५. फारसा वेळ शिल्लक राहत नाही, म्हणून नियम वर्गातच फळ्यावर चित्र काढून सांगा, उन्हात भाषण नको.

आता ही तुमची मुलं त्या मैदानात घालून बघू. कॅलिपरवाली मुलगी आता सेकंदांचा तोटा नाही. ती रचायच्या बाजूला असेल तर तिने वर्तुळाजवळ उभं राहून दर दुसरा डबा ठेवावा हे संघाच्या फायद्याचं आहे, आणि खो-खोवाल्यांच्या हे पहिल्याच डावात लक्षात येईल, कारण हिशेबात ती पोरं पक्की असतात. मारायच्या बाजूला असेल तर ती तीन पासमधला मधला पास. इथे एक चूक हमखास होते, माझीही झाली आहे. आपण त्या मुलीला कायमची 'रचणारी' करून टाकतो. सोयीचं असतं ना! मग चार तासांनी ती कंटाळते आणि आपल्याला वाटतं, बघा, हिला खेळायचंच नाही. तिला आधी एकटीला विचारा: कुठल्या बाजूला वळताना तोल जातो, किती वेळ उभं राहिल्यावर पट्टा टोचतो, आज नेम मारायचा आहे का. तिच्या घरच्यांकडून आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्याल ती 'काय करू नये' याची नको. 'काय काय करू शकते आणि कुठलं लक्षण दिसलं की थांबवायचं' अशी मागा. पहिल्या प्रकारच्या चिठ्ठीने मूल कट्ट्यावर बसतं, दुसरीने मैदानात येतं.

दम्याच्या मुलाला तर लगोरी रिलेपेक्षा सोयीची. थोडं पळणं, थोडं थांबणं, पुन्हा पळणं, असा खेळ बहुतेक दमेकऱ्यांना सलग धावण्यापेक्षा बरा झेपतो. वॉर्म-अप हळूहळू वाढवत नेला तर आणखी बरा. त्याचा इन्हेलर ऑफिसच्या कपाटात नको, मैदानावर तुमच्या कमरेच्या पाऊचमध्ये किंवा त्याच्या खिशात हवा. आणि एक गोष्ट पुष्कळ जणांना ठाऊक नसते: व्यायामाने होणारा त्रास खेळताना होतो तसा खेळ थांबल्यावरही होतो, पाच-दहा मिनिटांनी. म्हणजे तो तुमच्यासमोर ठणठणीत असतो आणि वर जाऊन गणिताच्या तासाला खोकायला लागतो. पुढच्या तासाच्या शिक्षकांना हे सांगून ठेवा. खोकला थांबत नाही, छातीत शिट्टी वाजते, खांदे वर खेचून श्वास घेतोय असं दिसलं तर त्याला ताठ बसवा, आडवं करू नका, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पद्धतीने इन्हेलर द्या आणि एकटं सोडू नका. एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इन्हेलरने उतार पडत नसेल तर लगेच १०८. आधी घरी फोन आणि मग अँब्युलन्स, असा क्रम करू नका.

पटकन दमणाऱ्या मुलांसाठी एक साधी परीक्षा आहे, ती सगळ्या वर्गालाच शिकवा. खेळता खेळता एक वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे बरोबर चाललंय. दोन शब्दांत धाप लागते, म्हणजे चालायला लागायचं. चालायचं म्हटलं, बसायचं नाही. चालणारा मुलगाही पास देऊ शकतो, टाळी देऊन भिडू सोडवू शकतो, तो खेळातच आहे. आणि ज्यांना त्या दिवशी हळूच खेळायचं आहे त्यांना कारण न विचारता तशी मुभा असू द्या. सातवीच्या मुलींच्या बाबतीत कारण चारचौघांत विचारणं बरं नव्हे. मी एक खूण ठरवली होती, हजेरीला 'हजर' ऐवजी 'आहे' म्हणायचं. वर्षभरात कुणी त्याचा फार गैरफायदा घेतला नाही. एकदोघांनी घेतला, घेऊ दे.

गडी वाटण्याबद्दल थोडं. दोन कप्तान उभे करून 'तू माझा, तू माझा' हे पूर्ण बंद करा. शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा एकदा नीट बघितलात तर पुन्हा करणार नाही. चकून गडी पाडले तर अपमान टळतो, पण तिन्ही खो-खोवाले एकाच संघात पडू शकतात. त्यापेक्षा तुम्ही घरी बसून आठ संघ करा. वेग आणि दम बघून मनातल्या मनात यादी लावा, वरून खाली आठ-आठ नावं वाटत जा, एका फेरीला डावीकडून, दुसऱ्या फेरीला उजवीकडून. मग मैत्रिणी, भांडणं बघून चार-दोन नावं इकडची तिकडे करा. यादी कुणाला दाखवायची नाही. संघ महिनाभर ठेवा, दर तासाला बदललात तर भिडू एकमेकांना ओळखत नाहीत.

पहिला तास बिघडेल. हे आत्ताच सांगते, म्हणजे घाबरणार नाही. दोघं जण एकमेकांत चेंडू ढकलून 'एक-दोन-तीन' ओरडतील, म्हणून नियमात 'वेगवेगळ्या भिडूंच्या' हे शब्द आहेत, ते पुन्हा सांगा. एखादा खो-खोवाला वर्तुळाच्या कडेला पहारा देत बसेल आणि कुणाला आत जाऊच देणार नाही. त्याला वर्तुळापासून दोन पावलं लांब राहायला सांगा. टाळी द्यायला कुणी येतच नाही म्हणून एखादी मुलगी हात वर करून दोन मिनिटं उभी राहील. हे तुम्हाला दिसलं पाहिजे, कारण आऊट न करताही आऊट करायची ही युक्ती आहे. तसं झालं तर पुढच्या डावाला नियम लावा: संघातला कुणी थांबलेला असेल तर डबा ठेवायचा नाही, आधी त्याला सोडवायचं. एकदम टाळ्यांचा पाऊस पडतो.

खेळ खरंच सगळ्यांचा झाला की नाही, हे ओरडण्यावरून ठरवू नका. मैदान दणाणून सोडणारे चारच जण असतात. तीन मुलं निवडा: सगळ्यात चपळ, एक मधला, एक सगळ्यात गप्प. दोन डाव, म्हणजे चार मिनिटं, त्या तिघांनी चेंडूला किंवा डब्याला हात लावला की वहीत रेघ ओढा. समजा, चपळ मुलाच्या अठरा रेघा झाल्या आणि गप्प मुलीच्या दोन. मग मुलीला 'पुढे हो, पुढे हो' ओरडून उपयोग नाही, नियमाला दुरुस्ती हवी. तीनऐवजी चार पास करा, किंवा एका डावात एकाने दोनपेक्षा जास्त डबे ठेवायचे नाहीत असं ठरवा. पुन्हा मोजा. अठराचे बारा आणि दोनाचे सात झाले तर दुरुस्ती लागू पडली. सगळ्यांच्या रेघा सारख्या व्हायला हव्यात असं मुळीच नाही. चपळ मुलाला चपळ राहू द्या, त्याला फार अडवलंत तर तो कंटाळेल, आणि त्याचाही तास आहे. त्याला हवं तर डाव्या हाताने नेम मारायला सांगा, पण शिक्षा म्हणून नाही, पैज म्हणून.

सुरक्षिततेची पाहणी तासाच्या आधी तीन मिनिटांत होते, मात्र चालत करायची, गॅलरीतून नाही. मैदानाच्या कडेकडेने एक फेरी आणि मधून एक. काचा, खडी, झाडाची मुळं, गटाराची हललेली जाळी, पावसाळ्यानंतर पेव्हर ब्लॉकवर राहिलेलं शेवाळ. दहावीच्या मुलांनी ओढून ठेवलेला सुटा गोलपोस्ट असेल तर तो लांब न्या किंवा आडवा करून ठेवा, त्याला लोंबकळणाऱ्या मुलाच्या अंगावर तो उलटतो. मग मुलांकडे नजर: बुटांच्या नाड्या, चपला, कडी, बांगड्या, गळ्यातला दोरा, चष्म्याला मागून दोरी. शिट्टी वाजली की जागेवर थिजायचं, हे वॉर्म-अपमध्येच दोनदा करून घ्या. आणि तुम्ही उभ्या कुठे राहणार? चार मैदानांच्या मधोमध नको. तिथे दोन मैदानं कायम तुमच्या पाठीमागे असतात. भिंतीकडच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीकडे करून उभ्या राहा, चारही समोर दिसतील.

११.४० चं ऊन हे मात्र भिंतीइतकंच गंभीर घ्या. ऑक्टोबरात आणि मार्चपासून पुढे हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. जाड मुलांना हा त्रास लवकर होतो. खेळायच्या आधी पाणी, तिसऱ्या डावानंतर सावलीत पाणी. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं असं कुणी म्हटलं तर सावलीत बसवा, तो त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. पण एखादं मूल असंबद्ध बोलायला लागलं, ओळखीच्या मुलांना ओळखेना, वेड्यासारखं वागायला लागलं तर ते उष्माघाताचं लक्षण समजा, घाम येत असला तरी. आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. शक्य असेल तर वेळापत्रकात तुमचा तास पहिल्या दोनांत मागून घ्या. मुख्याध्यापकांकडे एकच मागणी करायची असेल तर मी हीच करेन. आणि डोक्याला मार लागलेला मुलगा 'बरं वाटतंय' म्हणाला तरी त्या दिवशी खेळ बंद आणि घरी कळवायचं.

मुख्याध्यापकांशी वाद घालत बसू नका. एक पान लिहून न्या: मैदानाचं चित्र, चार नियम, भिंतीपासूनचं अंतर, कुणाचा इन्हेलर कुठे आहे, पाहणी कुणी आणि किती वाजता केली. त्यांना अपघाताची भीती आहे, आणि ती खोटी नाही. 'सगळ्यांना खेळवणार' या वाक्याने ती कमी होणार नाही, त्या पानाने होईल. महिनाभराची परवानगी मागा, रोजची पाहणी आणि बारीकसारीक खरचटणंसुद्धा एका वहीत लिहा.

पुढच्या तासाला चारही मैदानं एकदम मांडू नका. एका मैदानावर बारा जणांना घेऊन दोन डाव दाखवा, बाकीच्यांना कडेला उभं करून पास मोजायला लावा, मग सगळे. त्या बारांत टाके पडलेला मुलगा असू द्या, पण त्याला आदल्या दिवशी विचारून. तो नाही म्हणाला तर नको. हो म्हणाला तर २ मीटरच्या रेघेवर त्याला उभा करा आणि बाजूला व्हा.